रात्रपाळी आणि नीट-पीजीची तयारी

वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या नीट-पीजी परीक्षेत 2024 पासून 200 प्रश्न 40-40 च्या पाच विभागांत विभागले गेले, प्रत्येक विभागाला 42 मिनिटे मिळू लागली आणि वेळ संपल्यावर मागे जाता येईनासे झाले; आंतरवासितेत, म्हणजे एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेनंतरच्या सक्तीच्या रुग्णालयीन प्रशिक्षणात, असलेल्यांना ही विभागणी सोयीची ठरते, कारण एका विभागाचा सराव पाळ्यांमधल्या फटीत बसतो.

रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी असल्यास कक्षात नवा विषय उघडण्यापेक्षा आधी चुकलेले प्रश्न पाहावेत, कारण रुग्ण येताच ते अर्धवट सोडता येतात. सकाळी घरी येऊन दुपारपर्यंत झोपावे आणि उठल्यावर, निद्राजडत्व म्हणजे जागे झाल्यानंतरची सुस्ती ओसरू देऊन, संध्याकाळी नवे प्रकरण घ्यावे.

जागरणानंतर लगेच दिलेल्या सराव परीक्षेचे गुण मात्र फसवे असतात: ‘खालीलपैकी कोणते लक्षण आढळत नाही’ यातला ‘नाही’ नजरेतून सुटला असेल, तर ती चूक थकव्याची, आणि दोन औषधांच्या मात्रांत घोळ झाला असेल, तर ती अभ्यासाची, पुन्हा वाचन दुसरीलाच लागते, पहिलीला झोप पुरते.