नुसतं 200 म्हणजे किती?

आजचा एपिसोड एका जळलेल्या ट्रेपासून सुरू होतो. ट्रे माझाच होता.

झालं असं की, माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या घरी मी मेरांग खाल्ले होते. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेले ते पांढरेशुभ्र, तोंडात टाकताच विरघळणारे तुकडे. पुण्यात परत आल्यावर मी तिला मेसेज केला, "ताई, रेसिपी पाठव ना." तिने एका ओळीत उत्तर दिलं : तीन अंड्यांचा पांढरा, पाऊण कप साखर, 200 वर दीड तास.

मी ओटीजीची चकती 200 वर फिरवली आणि ट्रे आत सरकवला. दहा-बारा मिनिटांत घरभर करपलेल्या साखरेचा वास. वरून तपकिरी, काही ठिकाणी काळे, आणि फोडून बघितलं तर आत चिकट ओला गोळा! ताईला फोटो पाठवला, तर तिचा लगेच फोन. "अगं, 200 फॅरनहाइट गं!"

तिची चूक म्हणावी, तर तिच्या ओव्हनवर तेवढाच आकडा दिसतो. अमेरिकेत घरगुती ओव्हन फॅरनहाइटमध्येच असतात. माझ्या ओटीजीवर सेल्सिअस. दोघींनाही एकक लिहायची गरज वाटली नाही.

आता हिशोब करू. फॅरनहाइटमधून 32 वजा करायचे, मग 5 ने गुणून 9 ने भागायचं. 200 मधून 32 गेले, राहिले 168. त्याचे झाले साधारण 93 सेल्सिअस. म्हणजे मी दुपटीहून जास्त आकड्यावर भट्टी पेटवली होती. मेरांग खरं तर भाजायचेच नसतात, हळूहळू वाळवायचे असतात. साखर साधारण 160-170 सेल्सिअसच्या पुढे तपकिरी व्हायला लागते. 200 वर बाहेरची साखर करपते आणि आतलं पाणी निघायला वेळच मिळत नाही.

मग एकक नसेल तर ओळखायचं कसं? आकडा 300 च्या वर असेल तर सोपं आहे. 350 सेल्सिअसपर्यंत आपला ओटीजी जातच नाही, माझी चकती तर 250 ला संपते. म्हणजे 350 हे फॅरनहाइटच, आपलं केकचं नेहमीचं 180 च्या जवळचं. खरी गडबड 200 ते 250 मध्ये होते, कारण तिथे दोन्ही अर्थ शक्य असतात. अशा वेळी शेजारी लिहिलेली वेळ बघा. बोटाएवढे तुकडे 200 सेल्सिअसवर दीड तास ठेवले तर कोळसाच होणार. एवढा जास्त वेळ लिहिलाय, म्हणजे आच मंद असणार, म्हणजे हे फॅरनहाइट. उलट "200 वर 15 मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत" असं असेल तर सेल्सिअस. ही खूण मला ट्रे आत टाकायच्या आधीच दिसायला हवी होती.

मेरांग जळाले तर तीन अंडी वाया जातात, बस. पण हीच चूक चिकनच्या बाबतीत झाली तर पोट बिघडू शकतं. सुईसारखा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो चिकनच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता खुपसतात. अमेरिकन रेसिपीत तिथे 165 लिहितात, म्हणजे 74 सेल्सिअस. समजा तुम्ही "75 झालं की काढा" एवढंच लक्षात ठेवलंत आणि थर्मामीटरचं C/F बटण चुकून दाबलं गेलं. आता स्क्रीनवर 75 दिसतंय, पण ते फॅरनहाइट आहे. म्हणजे 24 सेल्सिअस, खोलीच्या तापमानाएवढं. आतून चिकन कच्चंच!

म्हणून वापरायच्या आधी मी एक छोटी गोष्ट करते. ग्लासभर बर्फ, त्यात थोडं पाणी, ढवळून सुई त्यात धरायची. सुमारे 0 दाखवलं तर सेल्सिअस, 32 दाखवलं तर फॅरनहाइट. दोन्हीपैकी काहीच नाही, तर तो थर्मामीटरच चुकीचा आहे.

ताईच्या मेसेजखाली मी आता स्वतःच लिहून ठेवलंय : 200 F, आपल्याकडे 90 ते 100 C. माझ्या ओटीजीवर सगळ्यात खालचा आकडा 100 आहे. त्यावर ठेवले, दीड तासाने बंद केला आणि दार न उघडता आतच गार होऊ दिले. या वेळी पांढरे आणि कुरकुरीत निघाले. फोटो ताईला पाठवला, तर उत्तर आलं : "आता माझ्यासाठी नानकटाईची रेसिपी पाठव. आणि C लिही हं!"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.