हाताला ओढ लागली आणि दोष सापडला

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "तुम्ही इतकी वर्षं इमारतींच्या देखभालीची कामं पाहिलीत, त्यातलं काहीतरी सांगा." म्हणून एक गोष्ट सांगतो. ती आपल्या सोसायटीची नाही, दादरच्या एका जुन्या चार मजली इमारतीची आहे. पण ऐकताना तुम्हाला आपल्या गच्चीवरची टाकी नक्की आठवेल.

त्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून एक उतरती लाइन पाच स्वयंपाकघरांना पाणी द्यायची. दुपारी सगळीकडे झकास पाणी. सकाळी सात ते नऊ मात्र चौथ्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसायचा आणि दुसऱ्या मजल्यावर धार करंगळीएवढी. टाकी भरलेली, गळती कुठेच नाही. तळमजल्यावर नव्यानेच बाथरूम केलं होतं, म्हणून संशय त्यांच्यावर. चौथा मजला आणि तळमजला यांचं बोलणं बंद झालं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ स्वतःच्या लाइनला पंप बसवायला निघाले, म्हणजे उरलेलं पाणीही तेच ओढणार. आणि कमिटीने सगळे लोखंडी पाइप बदलायचा विषय सभेपुढे ठेवला. घरटी वर्गणी ऐकून दोन पेन्शनर तर गप्पच झाले.

सभेआधी एकदा जुन्या मिस्त्रींना बोलवा, असं ठरलं. मिस्त्री साठीच्या पुढचे, गुडघे गेलेले. सोबत एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, कामाला लागून जेमतेम सहा महिने झालेला. पाइप पाहून तो लगेच म्हणाला, "काका, गंजलेत. बदलूनच टाकू या."

मिस्त्री म्हणाले, "बदलायला अक्कल लागत नाही. आधी पाणी कुठं अडतंय ते सांग."

दुपारी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या नळाला प्रेशरचं घड्याळ लावलं आणि नळ सोडला. पाण्याला जायला वाटच नाही, म्हणजे घरातलं पाणी थांबलेलं. काटा 1.1 किलोवर. मिस्त्रींनी हिशेब समजावला. दहा मीटर उंच पाणी म्हणजे एक किलो दाब. टाकीतल्या पाण्यापासून या नळापर्यंत साधारण अकरा मीटर, म्हणून 1.1 बरोबर.

पोरगा म्हणाला, "मग दाब पुरेसा आहे की!"

"पाणी उभं असताना आहे. उभं पाणी अडथळा दाखवत नाही. पाइपात सुईएवढं भोक उरलं तरी पाणी उभं राहिलं की काटा पूर्णच चढतो. अडथळा कळतो तो पाणी वाहताना. आणि वाहणं दुप्पट झालं की अडथळ्यात जाणारा दाब चौपट होतो. दुपारी एक नळ चालतो, सकाळी चार चालतात. म्हणजे सोळापट. म्हणून तुला दुपारी काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोघे त्याच घरी. काकूंना विनंती केली की अर्धा तास घरात पाणी वापरू नका. घड्याळ तसंच लावलेलं. इमारत जागी झाली तसा काटा घसरत गेला आणि 0.6 वर थांबला.

मिस्त्रींनी विचारलं, "या घरात थेंब वाहत नाही. मग दाब कुठं गेला?"

पोरगा थोडा वेळ काट्याकडे पाहत राहिला. "घरातल्या पाइपात पाणी वाहतच नाही, म्हणजे तिथे जायचा प्रश्न नाही. सगळ्यांच्या मोठ्या लाइनीत गेला."

"बरोबर. आता किती गेला? अर्धा किलो. म्हणजे पाच मीटर. टाकीतल्या पाण्यापासून पाच मीटर खाली काय आहे?"

पोराने बोटांवर मोजलं. "चौथ्या मजल्याचा नळ!"

मंडळी, इथे चौथ्या मजल्याचं फुसफुसणं उलगडलं. सकाळी त्या उभ्या पाइपात पाणी टाकीपर्यंत भरलेलं नसायचंच, ते चौथ्या मजल्याच्या नळाशी येऊन थांबायचं. त्याच्या वर पाइपात हवा. तळमजल्यावरच्यांचा काडीचाही दोष नव्हता. ते सगळ्यात खाली, म्हणून त्यांना मिळत होतं इतकंच.

पण अडथळा नेमका कुठे? मिस्त्री कठड्याला धरत गच्चीवर गेले. टाकीतून लाइन निघते तिथे वॉल्व्ह असतो आणि वॉल्व्हच्या पुढे एक उघड्या तोंडाचा पाइप टाकीच्याही वर गेलेला असतो. तो हवेचा पाइप. मिस्त्री पोराला म्हणाले, "तोंडावर तळवा ठेव."

पोराने ठेवला आणि दचकला. "काका, हात ओढतोय!"

"क्षणभर ओढून थांबलं असतं तर काही नाही. हा ओढतच राहतोय. म्हणजे खाली जातंय तेवढं पाणी टाकीकडून येत नाही, म्हणून पाइप हवा पितोय. अडथळा खालच्या गंजात असता तर इथपर्यंत पाणी भरलेलं राहिलं असतं आणि हात ओढला नसता. आता टाकी ते हा पाइप, एवढ्या दोन हातांत शोध."

त्या दोन हातांत दोनच गोष्टी होत्या. टाकीचं तोंड आणि वॉल्व्ह. पोराने बॅटरी मारून टाकीत पाहिलं, तोंड स्वच्छ होतं. वॉल्व्हचं चाक पूर्ण उघडं. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक वॉल्व्हवर टेकवून त्याची मूठ पोराच्या कानाला लावायला सांगितली. आत सूं सूं आवाज. "आता चाक चार फेरे बंद कर, परत उघड. आवाज बदलतो का?"

"नाही काका. तसाच आहे."

"चाक फिरतंय, पण आतला पडदा हलत नाही."

लाइन रिकामी करून वॉल्व्ह खोलला. चाकाची दांडी वर गेलेली आणि पितळी पडदा तिच्यातून सुटून निम्म्याहून खाली अडकलेला. पडद्याची खाच झिजून तुटली होती. बाहेरून वॉल्व्ह उघडा, आतून जवळजवळ बंद. नवे पाइप टाकून हाच वॉल्व्ह ठेवला असता, तर चौथ्या मजल्यावर नळ तसाच फुसफुसत राहिला असता.

त्याच दिवशी नवा बॉल वॉल्व्ह बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घड्याळ लावायला मिस्त्री आलेच नाहीत, पोऱ्यालाच पाठवलं. सगळे नळ चालू असताना काटा 1.0 वर. एवढासा फरक पाइपातून वाहताना जाणारच. म्हणजे पाइप अजून चालण्यासारखे होते, हेही त्याच काट्याने सांगितलं. पाइप बदलायचा विषय सभेतून मागे घेतला गेला आणि पंपाची खरेदीही रद्द झाली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी स्वतः तळमजल्यावर पोह्यांची ताटली घेऊन गेल्या.

आपल्या इमारतीचे लोखंडी पाइप आता पंचवीस वर्षांचे झालेत. कधीतरी बदलावे लागतीलच. त्या वेळी कोटेशन मागवण्याआधी एका सकाळी बंद नळावर घड्याळ लावा आणि हवेच्या पाइपावर हात ठेवा. काटा पडला आणि हात ओढला नाही, तर दोष खालच्या पाइपांत आहे, खर्च करा. हात ओढतच राहिला, तर आधी वॉल्व्ह आणि टाकीचं तोंड पाहा. आणि शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी तर नक्कीच पाहा.

तो पोरगा आता स्वतः मिस्त्री आहे. त्याच्या पिशवीत घड्याळ असतं, आणि हाताखालच्या मुलाला तो पहिला प्रश्न तोच विचारतो, "पाणी कुठं अडतंय?"