मुलींची पाळी आणि पोटातली कळ



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत घालताना व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला जरा संकोचूनच विचारले होते, "‘मुलींचे आरोग्य’ असे नाव छापले तर चालेल का?" मी म्हटले, तसे केलेत तर लोक पालेभाज्या आणि व्यायाम यांवरचे भाषण ऐकायला येतील, आणि मी बोलणार पाळीच्या दुखण्यावर, त्यांची उगाच फसवणूक होईल. तेव्हा विषय सरळ छापला गेला. आज सभागृहात पुरुषही बरेच दिसत आहेत, हे चांगले झाले. मुलीसाठी रात्री औषधाच्या दुकानात जातो तो पुष्कळदा बापच असतो.

एका मुलीची हकीकत सांगते आणि तिच्याच धाग्याने पुढे जाते. वय पंधरा, इयत्ता दहावी. पाळी साडेबाराव्या वर्षी आलेली. पहिले वर्षभर कधी दीड महिन्याने, कधी तीन आठवड्यांनी येई, पण दुखत काहीच नसे. चौदावे लागले, पाळी महिन्याच्या महिन्याला येऊ लागली, आणि तिच्याबरोबर दुखणे आले. पहिल्या दिवशी सकाळी ओटीपोटात कळा, कंबर आणि मांड्या भरून येणे, दोन-तीन उलट्या, पातळ शौचास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सारे ओसरे. दर महिन्याला शाळेचे दोन दिवस बुडत. सराव परीक्षेत गणिताचा पेपर निम्मा सोडून ती घरी आली, तेव्हा आई तिला माझ्याकडे घेऊन आली. त्याआधी एका डॉक्टरांनी "लग्न झाले की थांबेल" असे सांगून त्यांची बोळवण केली होती. आजीचे म्हणणे, "आम्ही नाही का सोसले?"

"औषध काही दिलेत का?" मी विचारले. आई म्हणाली, "दिले ना, डॉक्टरीणबाई. पण अगदीच सोसवेना तेव्हा, आणि तेही अर्धीच गोळी. लहान आहे ना अजून." ती अर्धी गोळी दुपारी, रिकाम्या पोटी, उलट्या सुरू झाल्यावर दिली जाई, आणि बहुतेक वेळा बाहेर पडे. त्यावरून घरात निष्कर्ष निघाला होता की हिला गोळी लागू पडत नाही.

हा निष्कर्ष का चुकला ते समजण्यासाठी कळ कशी उठते ते पाहावे लागेल. दर महिन्याला बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर त्या जागी प्रोजेस्टेरॉन नावाचे हार्मोन तयार होऊ लागते, आणि गर्भाशयाचे आतले अस्तर जाड व रसरशीत होते. गर्भ राहिला नाही की हे हार्मोन ओसरते. ते ओसरल्याबरोबर अस्तराच्या पेशींच्या आवरणातील एक स्निग्ध द्रव्य सुटे होते, आणि एक विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाइम, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन हे रसायन बनवू लागते. पाळी सुरू होताना आणि नंतरच्या दोन दिवसांत ते सर्वांत अधिक प्रमाणात सुटते. पहिल्या वर्षी या मुलीला दुखत नव्हते याचे कारणही यातच आहे. सुरुवातीच्या पाळ्यांत बहुधा स्त्रीबीज सुटतच नाही. प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणून त्याचे ओसरणेही नाही. आयांना वाटते, आधी चांगली होती, आता काहीतरी बिघडले. खरे तर बीजकोशाचे काम नीट सुरू झाल्याची ती खूण असते.

प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो. अस्तर बाहेर टाकण्यासाठी थोडे आवळणे आवश्यकच आहे. पण काही मुलींच्या गर्भाशयात हे रसायन फार बनते, आणि मग स्नायू इतका घट्ट आवळतो की त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्तदाब मोजताना दंडावर पट्टी फुगवतात हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ती पट्टी फुगवलेली ठेवून मूठ उघडमीट करत राहिलात तर थोड्याच वेळात हात असह्य दुखू लागेल, कारण स्नायू काम करतो आहे आणि त्याला रक्त मिळत नाही. गर्भाशयात नेमके हेच चालते. शिवाय प्रोस्टाग्लँडिन रक्तातून इतरत्र जाते आणि आतड्याचा स्नायूही आवळते. म्हणून उलटी, म्हणून जुलाब. तेव्हा ‘मनाचे खेळ’, ‘शाळा बुडवण्याची सबब’ असे जे म्हटले जाते त्याला काही आधार नाही.

या रसायनाचे नाव मोठे गमतीचे आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांना 1930 नंतरच्या काळात ते पुरुषाच्या वीर्यात आढळले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येते अशा समजुतीने त्यांनी त्याला 1935 मध्ये हे नाव दिले. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र चिकटले. आणि आता बायकांच्या दुखण्याला पुरुषांच्या ग्रंथीचे नाव आहे! इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे पिकल्स यांनी 1957 मध्ये दाखवून दिले की पाळीच्या स्रावातच स्नायू आवळणारे द्रव्य असते. पुढे 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन बनणेच थांबवतात हे सिद्ध केले. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

व्हेन यांच्या शोधातील ‘बनणे थांबवतात’ हे शब्द ध्यानात घ्या. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधे त्या विकराला अडवतात. आधीच बनून गेलेले रसायन ती नाहीसे करू शकत नाहीत. दूध उतू जाण्याच्या बेतात असताना गॅस बंद केला तर उपयोग. ओट्यावर सांडल्यावर बंद केला तर पुसणे आलेच. दुपारी दिलेली अर्धी गोळी म्हणजे सांडल्यावर बंद केलेला गॅस होता.

मी त्या मुलीची सविस्तर विचारपूस केली, वरून पोट तपासले. लक्षणे अशी ठरीव असतील तर आतून तपासणीची गरज नसते. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या भीतीनेच कित्येक मुली डॉक्टरांकडे येत नाहीत. तिला पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने वाढणारा दमा नव्हता. हे असते तर या गोळ्या दिल्याच नसत्या. मग एका वहीत लिहून दिले: डाग दिसताच, किंवा आदल्या संध्याकाळी कंबर दुखू लागताच, काहीतरी खाऊन आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅमची एक पूर्ण गोळी, मग दुखो वा न दुखो, दर आठ तासांनी एक, अशी दोन दिवस. पोटावर गरम पाण्याची पिशवी. तिचाही खरोखर उपयोग होतो, ती नुसती समजूत नव्हे. आणि दर पाळीला वहीत तीन गोष्टी लिहायच्या: पहिली गोळी किती वाजता, दहापैकी किती दुखले, शाळा बुडाली का.

पहिल्या महिन्यात वहीत दहापैकी आठ होते. गोळी उशिरा, शाळेतून आल्यावर घेतलेली. दुसऱ्या महिन्यापासून दप्तरात दोन गोळ्या आणि बिस्किटाचा पुडा ठेवला. दुखणे पाचावर आले, उलट्या थांबल्या. तिसऱ्या महिन्यातही पाचच, आणि एक दिवस शाळा बुडालीच. पुष्कळ मुलींचे एवढ्यावर भागते. हिचे पूर्ण भागले नाही. पण आता आमच्या हाती खरी परीक्षा होती: योग्य वेळी, पुरेशा मात्रेत, तीन पाळ्या. यानंतरच ‘गोळी पुरी पडत नाही’ असे म्हणता येते, आणि हार्मोनचा विचार करणे रास्त ठरते.

मी हार्मोनच्या गोळीचे नाव काढताच आईचा चेहरा उतरला. ती गोळी म्हणजे कुटुंबनियोजनाचीच गोळी; अविवाहित मुलीच्या दप्तरात ते पाकीट सापडले तर लोक काय म्हणतील? ही भीती मी खोटी म्हणणार नाही. आमच्या गावातला दुकानदारही चष्म्यावरून पाहतो. पण गोळीचे काम समजून घ्या. ती स्त्रीबीज सुटू देत नाही आणि अस्तर पातळ ठेवते. पातळ अस्तरात प्रोस्टाग्लँडिन थोडे बनते, आणि रक्तस्रावही कमी होतो. आईने हळूच विचारले, "पुढे मूल होईल ना हिला?" होईल. गोळी बंद केली की बीजकोश बहुधा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपले काम पुन्हा सुरू करतो. वंध्यत्व येत नाही.

मात्र ही गोळी आपल्या मनाने आणून द्यायची नाही. मुलीला किंवा जवळच्या नात्यात कोणाला पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती का, रक्तदाब वाढलेला आहे का, डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात का, हे आधी विचारले पाहिजे. यातील एस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका थोडा वाढतो. निरोगी मुलीत तो फार लहान असतो, पण वरील गोष्टी असतील तर एस्ट्रोजेन नसलेला दुसरा उपाय शोधावा लागतो. या मुलीला तसे काही नव्हते. पहिल्या महिन्यात तिला मळमळले, मध्येच डाग दिसले. तिसऱ्या पाळीला वहीत दोन हा आकडा होता. बोर्डाच्या परीक्षेत तिचे सगळे पेपर पूर्ण झाले.

आणखी एक मुलगी आठवते, आणि ती आठवण तितकी सुखाची नाही. तिला अगदी पहिल्या पाळीपासूनच दुखत होते, आणि प्रत्येक महिन्याला आधीपेक्षा जास्त. तिच्या गर्भाशयाच्या एका भागाला जन्मतःच बाहेर वाट नव्हती, आणि दर महिन्याला रक्त आत साठत होते. हे सोनोग्राफीत दिसले. शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून पहिल्या पाळीपासूनचे वाढते दुखणे, पाळी नसतानाही दुखणे, किंवा ताप येणे, यांपैकी काही असेल तर तीन महिने वही लिहीत बसू नये. वेदनाशामक आणि हार्मोन दोन्ही नीट देऊनही तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही तरी शोध घ्यावा. अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार, एंडोमेट्रिओसिस, कोवळ्या वयातही होतो; आणि त्यात सोनोग्राफी पुष्कळदा निर्दोष येते, तेव्हा ‘फोटोत काही नाही’ म्हणून मुलीला परत पाठवू नये.

श्रोत्यांकडून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एका भगिनीने विचारले आहे, गोळीची सवय लागेल का? दिवसाला तीन, दोन दिवस, म्हणजे महिन्याला सहा गोळ्या. या औषधांची नशा नसते, आणि पुढच्या वेळी जास्त घ्यावी लागते असेही नाही. दुसरी चिठ्ठी एका गृहस्थांची आहे: दुकानात कोणती गोळी मागावी? आपल्याकडे बहुधा मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि पेटके कमी करणारे औषध अशी जोडगोळी हातात ठेवतात. ती पुष्कळांना चालते; परंतु 2023 मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला होता. क्वचित त्याने अंगभर पुरळ, ताप आणि गाठी सुजणे अशी गंभीर प्रतिक्रिया येते, आणि तीही काही आठवड्यांनी. असे दिसताच गोळी बंद करून डॉक्टरांना गाठावे. आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना मुलीला पाळीबरोबर तापही असेल, तर ही गोळीही नको आणि आयब्युप्रोफेनही नको. त्या रात्री पॅरासिटामोल द्यावे, आणि सकाळी रक्त तपासून घ्यावे.