जर्मनचं पातेलं आणि आंबट आमटी

(सातारा-सांगली भागातील महिला मंडळांसमोर केलेलं भाषण)



ॲल्युमिनियमच्या भांड्याला आपल्याकडे अजूनही ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात. त्यात टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, कढी करावी का, असं तुम्ही विचारता.

पितळेचा नियम आपल्या आज्यांना पाठ होता. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकायचं. धातू उतरला हे जिभेलाच समजायचं. जर्मनच्या भांड्यातूनही धातू उतरतो, पण पदार्थ कळकत नाही, त्यामुळे तो उतरल्याचं लक्षात येत नाही.

ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप एक पातळ थर धरतो. भात किंवा पाणी उकळताना तो बहुतेक टिकतो. आंबटाने तो विरघळतो, आणि मीठ व वेळ त्यात भर घालतात. याची खूण घरीच पाहा. पाणी उकळून आतून काळं पडलेलं पातेलं चिंच शिजवली की लख्ख होतं. तो काळा थर कुठे गेला? आमटीत!

मग हे विष आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये आठवड्याची मर्यादा ठरवली, वजनाच्या दर किलोमागे 2 मिलिग्रॅम. म्हणजे 50 किलोच्या बाईला आठवड्याला 100 मिलिग्रॅम. पोटात गेलेल्यातलं फारच थोडं रक्तात शिरतं आणि निरोगी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. एका वेळच्या आमटीने घाबरायचं कारण नाही. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे टाळलंच पाहिजे.

खरी चूक शिजवण्यापेक्षा ठेवण्यात होते. रात्रीची आमटी त्याच पातेल्यात सकाळपर्यंत राहते, धातू उतरत राहतो, आणि ती शिळी आमटी खाते कोण? घरातली बाईच. आंबट झटपट शिजवलं तर लगेच स्टीलच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात काढा. फॉईलचंही तसंच. कोरडी चपाती गुंडाळा, पण लोणचं किंवा टोमॅटोची चटणी त्यात नको. स्टीलच्या वाटीतल्या आंबट-खारट पदार्थाला चिकटलेल्या फॉईलला तर भोकंच पडतात.

शिसं हा याहून मोठा धोका. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांत ते असू शकतं. भारतातून गेलेल्या काही ॲल्युमिनियम व हिंडालियम भांड्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये तसा इशारा दिला. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना शिशाचा त्रास सर्वात जास्त, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शिक्का नसलेलं ओतीव भांडं स्वयंपाकाला घेऊ नका.

सगळी भांडी टाकून देणं कुणालाच परवडणार नाही. भाताला, पाणी तापवायला जर्मन राहू द्या. बचत गटातून पहिलं स्टीलचं पातेलं घ्याल, ते आंबटासाठी राखून ठेवा.