डबीतला टोमॅटो



2023 च्या जुलैत घरोघरच्या मोबाइलवर एक चित्र फिरत होतं. दागिन्यांची मखमली डबी, आणि अंगठीच्या जागी टोमॅटो. किलोचा दर तेव्हा शंभराच्या वर गेला होता, काही शहरांत दोनशेच्या घरात. पण चित्रात दर नव्हता, मंत्री नव्हता, व्यापारीही नव्हता. नुसती डबी.

हे मीम समजायला घरातली मांडणी ठाऊक असावी लागते. टोमॅटोची जागा ओट्याखालच्या टोपलीत. रस्सा असो की कोशिंबीर, तो कुणी मोजून घालत नाही. ज्याची मोजदाद नव्हती तो अचानक किल्लीच्या कपाटात गेला, याचं हसू येतं. त्याच दिवसांतली एक खरी गोष्ट मला कोणत्याही मीमपेक्षा सरस वाटते. दुबईहून येणाऱ्या लेकीला आईनं काय आणायला सांगितलं? दहा किलो टोमॅटो. लेकीनं ते बॅगेत भरून आणलेही.

पेट्रोलचं तसं नाही. ते घरात येतच नाही, म्हणून त्याची थट्टा रस्त्यावरची. फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्याच भोपाळात प्रीमियम पेट्रोल शंभरी गाठतं झालं, तेव्हा एक तरुण राजकीय कार्यकर्ता हेल्मेट घालून पंपावर गेला आणि शतकवीरासारखी बॅट उंचावून उभा राहिला. फोटो देशभर फिरला. इथं तक्रार उघड आहे. भाजीच्या विनोदात ती पदराआड असते; टोमणा नवऱ्याला, सासूला, फार तर भाजीवाल्याला. म्हणूनच एकमेकांची मतं न पटणारे काका आणि पुतणे तो एकाच गटात बिनधास्त पुढे पाठवतात.

हा पदर दूर झाला की काय होतं, ते त्याच जुलैत वाराणसीला दिसलं. एका दुकानात टोमॅटोच्या राखणीला दोन बाउन्सर उभे केले होते. कल्पना डबीचीच. पण ती विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याची निघाली, आणि पोलिसांनी दुकानदार व त्याच्या मुलाला ताब्यात घेतलं. घरात जी गंमत, ती दुकानात आंदोलन ठरली.

मला खटकतं ते वेगळंच. ही थट्टा फक्त विकत घेणाऱ्याची आहे. त्याच वर्षी उन्हाळ्यात नाशिककडच्या शेतकऱ्यांना तोडणीचा खर्चही सुटेना. त्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, कित्येकांनी पिकाकडे पाठ फिरवली. पुढे ऊन आणि पाऊस दोन्हींनी उरलेल्या पिकाला झोडपलं, म्हणून जुलैचा तो दर. सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळला, पुन्हा टोमॅटो रस्त्यावर आले.

आमच्या कुटुंबाच्या गटात त्या आठवड्यात सुप्रभातची फुलं आली, गणपतीचे फोटो आले. टोमॅटोवर एकही चित्र आलं नाही. मीही पाठवलं नाही.