हापशाचा आजार वरूनच ओळखायचा
(बायकांच्या हापसा-दुरुस्ती शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



हापसा बंद पडला की गावात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मेकॅनिकला निरोप जातो, तो कधीतरी येतो, हँडल दोनदा हलवतो आणि म्हणतो, "सगळे पाईप काढावे लागतील, चार गडी द्या." त्यात खरं किती आणि कंटाळा किती, हे आपल्याला कळत नाही. म्हणून आज पाना कसा धरायचा हे मी सांगणार नाही, ते उद्या हाताने करूच. आज बोलायचं आहे ते पाना हातात घेण्याआधीच्या कामाबद्दल, म्हणजे दोष ओळखण्याबद्दल. हे ज्या बाईला येतं, तिला कुणी फसवू शकत नाही. गावात धंदा म्हणून हे काम करायचं असेल तर त्याची सुरुवातही इथूनच होते.

आपल्याकडचे बहुतेक हापसे इंडिया मार्क दोन जातीचे. जालना आणि सोलापूर इथे तयार झालेल्या पंपांच्या अनुभवावरून सत्तरच्या दशकात तो बनला. म्हणजे हे यंत्र काही परकं नाही. वर हँडल, त्याला जोडलेली चेन, चेनला सळ्या. सळ्या पाईपच्या आतून खाली सिलिंडरपर्यंत जातात. सिलिंडरमध्ये दट्ट्या, त्याला वायसर. तळाशी एक झडप असते. वर ओढलेलं पाणी पुन्हा खाली सांडू नये, म्हणून ती पाणी धरून ठेवते.

आता तपासणी. लागतं काय? एक बादली, लिटरचं माप आणि घड्याळ. पाणी सलग पडायला लागलं की एका मिनिटात चाळीस पूर्ण हापसे मारायचे आणि पडलेलं पाणी मोजायचं. एका हापशाला सिलिंडरमधून साधारण चारशे मिलिलिटर पाणी वर येतं, म्हणजे हिशेबाने चाळीस हापशांना सोळा लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात बारा-तेरा लिटर आलं तरी पंप ठीक आहे. दहाच्या खाली आलं, तर बहुधा वायसर झिजले आहेत.

पण उन्हाळ्यात इथे चकवा बसतो. पहिली बादली भरभरून येते, दुसरीला धार बारीक होते आणि थोडं थांबलं की पुन्हा पाणी येतं. हा वायसरचा दोष नाही, बोअरचं पाणीच खाली गेलं आहे. वायसर झिजलेला असेल तर धार पहिल्यापासून बारीक असते. हा फरक ज्याला कळत नाही, तो मे महिन्यात नवे वायसर घालून पैसे घेऊन जातो आणि हापसा होता तसाच राहतो. तिसरी गोष्ट, हँडल एकदम हलकं झालं आणि पाण्याचा थेंब नाही, तर सळई तुटली किंवा तिचा जोड सुटला असं समजायचं.

दुसरी तपासणी गळतीची. पाणी आल्यावर हापसा अर्धा तास बंद ठेवायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग किती हापशांनी पाणी येतं ते मोजायचं. पाचापर्यंत ठीक. जास्त लागले, तर पाणी वाटेत कुठेतरी खाली जातं आहे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, हापशाला दहा पाईप आहेत, प्रत्येक तीन मीटरचा. चाळीस हापशांना तेरा लिटर पाणी आलं, म्हणजे वायसर चांगले. पण अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पंधरा हापसे रिकामे गेले. आता गळतं कुठे, तळाच्या झडपेत की पाईपच्या जोडावर? त्यासाठी रात्रभर हापसा बंद ठेवायचा आणि पहाटे पुन्हा मोजायचं. झडप गळत असेल तर रात्रभरात पाणी आणखी उतरतं आणि पहाटे तीस-चाळीस हापसे लागतात. पण जोड गळत असेल तर पाणी त्या जोडापर्यंत उतरून तिथेच थांबतं, कारण खालची झडप ते धरून असते. म्हणून पहाटेही पंधराच लागतील.

समजा, पंधराच लागले. पंधरा हापसे म्हणजे सहा लिटर. सळईची जागा वजा केली तर एक मीटर पाईपमध्ये साधारण नऊशे मिलिलिटर पाणी मावतं. वरच्या टाकीत थोडं पाणी जातं ते सोडलं, तर गळती सहा मीटरच्या आसपास, म्हणजे वरून दुसऱ्या जोडाला. दहा पाईप काढायची गरज नाही, दोनच काढायचे. बहुतेक वेळा तिथले आटे गंजलेले किंवा खाल्लेले सापडतात. आटे शाबूत असले तर घासून, सफेदा आणि सूत लावून पुन्हा घट्ट करायचं, खाल्लेले असले तर पाईप बदलायचा.

दोनच काढायचे म्हणून हलकं काम समजू नका. उचलताना दहाही पाईपचं ओझं हातावर असतं. पाईप, सळ्या आणि आतलं पाणी मिळून दीडशे किलोच्या घरात जातं. म्हणून जोड सोडण्याआधी त्याच्या खालच्या पाईपला क्लॅम्प बसलाच पाहिजे. क्लॅम्प निसटला तर सगळं बोअरमध्ये जातं आणि मग गळ टाकून काढत बसावं लागतं. मार्क तीन पंपात पाईप रुंद असतो, त्यामुळे पाईप जागेवर ठेवून दट्ट्या आणि तळाची झडप सळयांबरोबर वर काढता येते. नवा हापसा बसणार असेल आणि पाणी फार खोल नसेल, तर ग्रामसभेत हाच मागा. दोन-तीन बायकांना तो सांभाळता येतो.

ही विद्या शिकायला शाळा लागत नाही. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून नव्वदच्या दशकात निरक्षर, दलित आणि आदिवासी बायका हापसा-मिस्त्री झाल्या. मात्र एक गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणी ओळखतील. आपल्या वस्तीतली बाई वरच्या आळीचा हापसा उघडून दुरुस्त करते आणि तिथेच तिला घागर लावायला मनाई होते. याचं उत्तर पान्यात नाही, संघटनेत आहे. दुरुस्तीला जाण्याआधीच ही अट गटाने मिळून घालायची.

आता पैशांचं. "गावाचंच काम आहे, सेवा समजून कर," असं बाईलाच ऐकवतात, मेकॅनिकला नाही. म्हणून तीन रकमा वेगळ्या लिहायच्या: तपासणीची, सामानाची आणि मजुरीची. तपासणीची रक्कम दुरुस्ती झाली नाही तरी घ्यायची, कारण "वायसर बदलू नका, पाणीच खाली गेलंय" हे सांगण्यानेही गावाचे पैसे वाचतात. जवळ वायसर, बेअरिंग, चेन, चेनचा बोल्ट, नट आणि ग्रीस एवढं सामान असलं तर पुष्कळशा तक्रारी तुम्ही गावातच मिटवाल. जुना वायसर फेकायचा नाही. नव्याशेजारी ठेवून हापशावरच्या बायकांना दाखवायचा, म्हणजे पैसे कशाचे घेतले ते सगळ्यांना दिसतं.

हत्यारांची पेटी कुणाच्या घरी राहते तेही पाहा. ती ग्रामपंचायतीच्या कुलपात असली तर दर वेळी किल्ली मागत फिरावं लागतं. पेटी तिच्या नावावर सही घेऊन दिलेली असावी. आणि प्रत्येक हापशाला वहीत एक पान द्यायचं: तारीख, चाळीस हापशांचं पाणी, विश्रांतीनंतरचे हापसे, काय बदललं, किती पैसे आले. लिहिता येत नसेल तर रेघा ओढा. बिल अडलं, की हीच वही घेऊन ग्रामसभेत उभं राहायचं.

आज संध्याकाळी दोन गट दोन हापशांवर जातील आणि मोजून येतील. पहाटे तेच गट पुन्हा मोजतील. पाईप काढायचे की नाही, आणि काढायचे तर किती, ते उद्या तुम्हीच सांगायचं.