डिस्क जाते म्हणाली, तर आधी काय वाचवाल?

आता बऱ्याच ग्रामसंघांच्या कार्यालयात कॉम्प्युटर आला आहे. गटांची कर्जखाती, ठराव, डाळ-मसाल्याच्या विक्रीची बिलं त्यातच असतात. आज बोलायचं आहे ते या कॉम्प्युटरच्या एका सूचनेबद्दल. सकाळी बटण दाबलं की नेहमीचं चित्र न येता काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ येते: `S.M.A.R.T. Status BAD, Backup and Replace`. खाली लिहिलेलं असतं, `Press F1 to Resume`. काही कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर `imminent failure` असे शब्द येतात. अर्थ एकच: माहिती जिच्यात साठते ती हार्ड डिस्क लवकरच बंद पडू शकते, माहितीची नक्कल काढा आणि डिस्क बदला.

हे डिस्कला कसं कळतं? गटाची नोंदवही डोळ्यांपुढे आणा. तिच्या शेवटी काही कोरी पानं राखून ठेवली आहेत. मधलं एखादं पान खराब झालं, की तिथली नोंद आपण मागच्या कोऱ्या पानावर करतो. डिस्कही तसंच करते. तिच्यातली एखादी जागा खराब झाली की ती राखीव जागा वापरते आणि किती वापरल्या याचा हिशोब ठेवते. वाचताना किती चुका झाल्या, हेही मोजते. कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे यातलं काही गेलं, की ही सूचना येते. म्हणजे हे व्हायरसचं काम नाही. विंडोज नव्याने टाकून ते बरं होत नाही.

मग डिस्क किती दिवस चालेल? ते कोणी सांगू शकत नाही. तासाभरात जाईल किंवा चार महिने चालेल. गूगल कंपनीने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्क तपासून 2007 साली निष्कर्ष मांडले. डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत पृष्ठभागावरची पहिली चूक सापडली, तर पुढच्या 60 दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा 39 पट जास्त होती. पण ज्या डिस्क बंद पडल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणून सूचना आली तर ती खरी माना, आणि आली नाही तर निर्धास्त राहू नका.

आता एका ग्रामसंघाचं उदाहरण घेऊ. मार्च अखेरचे दिवस, ऑडिट जवळ आलेलं, आणि पडद्यावर ही ओळ आली. कॉम्प्युटर चालवणाऱ्या ताईने लगेच F1 दाबलं नाही. आधी मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला, म्हणजे दुकानदाराला नेमके शब्द दाखवता येतील. मग कॉम्प्युटर बंद करून बाहेरची हार्ड डिस्क आणली, यूपीएस चार्ज आहे का पाहिलं, आणि त्यानंतरच तो पुन्हा सुरू केला. कारण अशी डिस्क पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. तुमच्याकडे सूचना आली तेव्हा कॉम्प्युटर सुरूच असेल आणि फाइली उघडत असतील, तर मात्र तो बंद करू नका. आहे तसाच ठेवून नक्कल काढायला लागा.

त्या डिस्कमध्ये 90 जीबी माहिती होती. त्यातले 70 जीबी मेळाव्यांचे फोटो आणि व्हिडिओ होते. हिशोब, ठराव आणि स्कॅन केलेले कागद मिळून 1 जीबीसुद्धा नव्हते. सगळं एकदम उचललं असतं तर कित्येक तास लागले असते, आणि मधेच डिस्क गेली असती तर फोटो वाचून हिशोब गेला असता. म्हणून ताईने क्रम लावला. जे दुसरीकडे कुठेच नाही आणि आकाराने लहान आहे, ते आधी.

पहिल्यांदा टॅलीचा डेटा आणि एक्सेलच्या कर्जवह्या. दुसऱ्यांदा ठराव आणि कागदांचे स्कॅन. त्यासाठी `Desktop`, `Documents` आणि `Downloads` ही तिन्ही ठिकाणं पाहिली. पडद्यावर समोर दिसणारी फाइलसुद्धा त्याच डिस्कमध्ये असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तिसऱ्यांदा मराठी फॉन्ट. जुने ठराव कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. शेवटी फोटो. पोर्टलवर भरलेली माहिती सर्व्हरवर असते आणि बँकेच्या नोंदी बँकेत असतात. त्यासाठी वेळ घालवायचा नाही. पण ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड वहीत उतरवून ती वही कपाटात ठेवायची.

नक्कल काढताना तीन गोष्टी पाळा. एक, ‘कॉपी’ करा, ‘कट’ करू नका. दोन, एकेक फोल्डर घ्या. एखाद्या फाइलवर काम अडकून बसलं तर ती सोडून पुढे जा, तिच्याकडे शेवटी वळा. खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावली की आजारी डिस्कवर ताण वाढतो. तीन, नक्कल पूर्ण होईपर्यंत डिस्क दुरुस्त करणारा कोणताही प्रोग्राम चालवू नका. `chkdsk`, डिफ्रॅग, फॉरमॅट, यांतलं काहीही नको. डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला, तर लगेच बंद करा. मग ते काम माहिती परत काढून देणाऱ्या जाणकाराचं. डिस्क उघडून पाहायची नाही, आतल्या तबकडीला धूळही चालत नाही.

फाइली उतरल्या म्हणजे काम झालं असं नाही, त्या उघडतात का ते पाहायचं. ताईने बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. दोन्हीकडच्या फोल्डरमधल्या फाइलींची संख्या जुळवली. टॅली उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहिलं, आणि एका गटाची कर्जबाकी कागदी वहीशी ताडून घेतली. दोन स्कॅन उघडले नाहीत. मूळ कागद फाइलीत होते, ते पुन्हा स्कॅन केले.

मग दुकान. दुकानदार म्हणेल, सेटिंगमधून ही सूचना बंद करून देतो. नको म्हणा. त्याने फक्त ओळ दिसायची थांबते, डिस्क तशीच राहते. दुसऱ्या दिवशी सूचना आपोआप आली नाही, तरी डिस्क बदलायचीच. आधी बिल काढून वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहा. काढलेली जुनी डिस्क दुकानात किंवा भंगारात सोडू नका. तिच्यात बायांचे आधार क्रमांक आणि बँक खाती आहेत. वॉरंटीत द्यायची असेल तर आधी माहिती पुसता येते का विचारा. द्यायची नसेल तर ड्रिलने आरपार भोकं पाडून घ्या.

यापुढे महिन्याच्या बैठकीत बचत मोजून झाली, की हिशोबाच्या फोल्डरची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि ती डिस्क कार्यालयात न ठेवता सचिव ताईंच्या घरी ठेवा. इतिवृत्तात एक ओळ लिहा: नक्कल काढली, उघडून पाहिली, तारीख अमुक. पुढच्या बैठकीत आधी ती ओळ वाचा.